ताकदीची सुई

खुशालराव गुरुजींना आयुष्यभर एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो म्हणजे त्यांची पोरं. घरची नव्हेत, शाळेतली. शेंदूरजनाघाटच्या बाजारात त्यांनी पाऊल टाकलं की संत्र्याच्या आडतीवरचा हमाल हात जोडायचा, बँकेतला शिपाई खुर्ची पुसायचा. त्यांत सगळ्यांत पुढे कुलदीप. अकोल्यात शिकून डॉक्टर झालेला, आणि गुरुजी दिसले की स्कूटर उभी करून भर रस्त्यात पाया पडणारा. "गुरुजींनी तराजू हातात दिला म्हणून मी आज डॉक्टर आहो," असं तो चारचौघांत मोठ्यानं सांगायचा, आणि गुरुजी उगाच उपरणं नीट करायचे.

तराजूची गोष्ट खरी होती. गणिताच्या तासाला गुरुजी घरून भाजीचा तराजू नेत. मळ्यातली वांगी, मिरच्या, शेवंतीची फुलं पोरांना तोलायला लावत. आधी अंदाज करायचा, मग तोलायचं, आणि दोन्हींतला फरक फळ्यावर लिहायचा. "आधी तोल, मग बोल," सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. कुलदीपचा अंदाज फार कमी वेळा चुकायचा. अंदाजावर विसंबायची तीच त्याची खोड पुढं वाढली असेल. पण ते गुरुजींच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

नात रागिणी पावणेदोन वर्षांची. तिच्या आईला, रूपालीला, पुन्हा दिवस गेले आणि पोरीचं अंगावरचं दूध सुटलं. मग चहात बुडवलेली बिस्किटं आणि वरणाचं पाणी. त्यातच जुलाब लागले, थांबले, पुन्हा लागले. घरात भाजीपाल्याला तोटा नव्हता, दारात गाय होती. पण पोरीनं तोंड मिटलं की आजी गोदाबाई म्हणायची, "नाई खात तं नको बापा, बळजबरी कायले?" पोर वाळत गेली. मग एके दिवशी तिचे पाय आणि गाल गुबगुबीत दिसू लागले, आणि घरानं सुटकेचा श्वास सोडला.

त्याच सुमारास जुलाबाबरोबर खोकला सुरू झाला म्हणून तिला कुलदीपच्या दवाखान्यात नेलं होतं. त्यानं पोरीला आजीच्या मांडीवरच पाहिलं. गुबगुबीत पाय बोटानं टिचकावले आणि म्हणाला, "पाहा गुरुजी, अंग धरून राहिली पोरगी. ताकदीच्या सुया देतो, सकाळ-संध्याकाळ घेऊन या. पैशाचं नाव काढाचं नाई."

कोपऱ्यात वजनकाटा होता. त्यावर औषधांची खोकी रचलेली होती. गुरुजींनी ती पाहिली आणि मनात आलंसुद्धा, की हा तोलत कसा नाही? पण कुलदीपचा अंदाज कधी चुकत नाही, असंही त्याच मनात आलं.

सुया सुरू झाल्या. गोदाबाईनं शेजारपाजारी साखर वाटली, की पोरीनं अंग धरलं. तिनं दवाखान्यातून औषधाची एक रिकामी बाटलीही मागून आणली. रबरी बुचाची, बोटाएवढी. धुऊन तिच्यात हिंगाचं तेल भरलं, पोरीच्या बेंबीला लावायला. गावात अशा बाटल्या कोणी टाकून देत नाही. कुणी कुंकू ठेवतं, कुणी अत्तर.

पण चौथ्या दिवशी सकाळची सुई देऊन घरी आणली, आणि रागिणी मान टाकून पडली. अंग गार. गोपाल, गुरुजींचा मुलगा, जीप घेऊन आला. वरूड, मोर्शी मागं टाकत अमरावतीचा सरकारी दवाखाना गाठेपर्यंत गोदाबाई एकच म्हणत होती, "अंग धरलं होतं वो, अंग धरलं होतं."

कुपोषित मुलांच्या वॉर्डात डॉक्टर पौर्णिमा होत्या. अकोल्याच्या, तिशीच्या आतबाहेरच्या, आवाज हळू पण हात चपळ. त्यांनी आधी पोरीची साखर तपासली, तिला आजीच्या छातीशी उबेत गुंडाळायला लावलं. मग सगळे कपडे, करदोडा, पायातली घुंगरांची चांदीची पैंजणं काढून तिला काट्यावर ठेवलं.

"सहा किलो," त्या म्हणाल्या. "या वयाची मुलगी अकराच्या जवळपास असते, आजोबा."

"पण पाय तं पाहा तिचे..." गुरुजी म्हणाले.

पौर्णिमांनी पोरीच्या पावलावर अंगठा दाबून धरला, आणि उचलला. गव्हाच्या मळलेल्या पिठावर पडावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तेच.

"हे मांस नाही. पाणी आहे. सूज. म्हणजे हे सहा किलोसुद्धा सगळे तिचे नाहीत."

गुरुजी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. याच पायाला बोटानं टिचकावून कुलदीप हसला होता.

"आता मला नीट आठवून सांगा," पौर्णिमा म्हणाल्या. "याआधी कुठं इंजेक्शन दिलंय? अँटिबायोटिक? फार महत्त्वाचं आहे."

"ताकदीच्या सुया दिल्या होत्या, गावी."

"ताकदीच्या म्हणजे कशाच्या? खेड्यात प्रत्येक सुईला ताकदीची सुईच म्हणतात, आजोबा. मला नाव पाहिजे."

गुरुजींनी मोठ्या अभिमानानं फोन काढला. "आमच्या इथले डॉक्टर आहेत, माझाच विद्यार्थी. थांबा, विचारूनच घेऊ." आणि त्यांनी स्पीकर लावला.

"कुलदीप, मी बोलून राहिलो. अमरावतीले आहो, दवाखान्यात. डॉक्टरबाई विचारतात, त्या सुया कायच्या होत्या?"

पलीकडे बाजाराचा गलका होता. मग कुलदीपचा स्वच्छ आवाज. "नमस्कार मॅडम. व्हिटॅमिनच्या होत्या. बी कॉम्प्लेक्स. बाकी काही नाही."

"अँटिबायोटिक? जेंटा, अमिकासिन, काही?"

"छे छे. एवढ्या लहान लेकराला? नाही मॅडम."

"पाहा," गुरुजी म्हणाले. "तो खोटं बोलाचा नाई."

पौर्णिमांनी मान हलवली. अशा मुलांच्या अंगात ताप येण्याचीही शक्ती नसते, अंग गार असूनही आत जंतू असतात, म्हणून अँटिबायोटिक लगेच द्यावंच लागतं, असं त्यांनी समजावलं. एक अँपिसिलिन, दर सहा तासांनी. दुसरं जेंटामायसिन, किलोला साडेसात मिलिग्रॅम. काट्यावरच्या सहाला गुणून पंचेचाळीस. आणि ते दिवसातून एकदाच.

गुणाकार ऐकून गुरुजींना बरं वाटलं. "तुमी तोलून देता हे पाहून समाधान झालं, बाई."

"तोलावंच लागतं. वयावरून दिलं तर या मुलांना विष होतं. आणि नुसतं तोलून भागत नाही. उपासानं यांचं लिव्हर, किडनी, सगळं मंदावलेलं असतं. चांगलं लेकरू जे औषध दिवसभरात लघवीतून टाकून देतं, ते यांच्या अंगात रेंगाळतं. पहिलं गेलं नसताना दुसरं टाकलं की साठत जातं. म्हणून तर मी आधीच्या सुयांचं एवढं विचारत होते."

संध्याकाळी नर्सनं इंजेक्शन दिलं. रागिणीला थोडं थोडं करून ठरवलेलं पातळ दूध नळीनं सुरू झालं. गोदाबाई म्हणाली, "एवढुसंच? सलाईन तं लावा बाई, चांगली दोन बाटल्या." पौर्णिमा म्हणाल्या, "आजी, हिच्या हृदयाला तेवढं झेपणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी जमवायला लावलेली पिशवी जवळजवळ कोरडी होती.

पौर्णिमांनी पिशवी उचलून पाहिली, दुधाचा हिशोब पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. रिपोर्टमधला किडनीचा आकडा मर्यादेत होता. नर्स म्हणाली, "मॅडम, हा तर नॉर्मल आहे."

"तो मांसातून येणारा आकडा आहे," पौर्णिमा म्हणाल्या. "हिच्या अंगात मांस आहे कुठं? ज्या लेकराला मांसच नाही त्याचा आकडा मर्यादेत दिसतो आणि फसवतो. काहीतरी चुकतंय."

तेवढ्यात गोदाबाईनं पदराच्या गाठीतून बाटली काढली. पोट फुगलंय म्हणून बेंबीला हिंगाचं तेल लावायचं होतं. पौर्णिमा तिला नको म्हणणारच होत्या. पण त्यांचा हात बाटलीवर थबकला. बाटलीवरचा कागद तेलानं मेणचट झालेला, अर्धा सोललेला. उरलेल्या अर्ध्यावर नाव वाचता येत होतं.

"आजी, ही कुठली?"

"कुलदीपची. म्हंजे त्याच्याच दवाखान्यातली. ताकदीच्या सुईची."

"हीच बाटली? तुमच्यासमोर याच्यातून सुई भरली?"

"व्हय. मले आवडली बुचाची, म्या मागून घेतली. कावून, काय झालं?"

पौर्णिमांनी बाटली गुरुजींच्या हाती दिली. गुरुजींनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं. काल संध्याकाळी नर्सनं ज्या बाटलीतून जेंटामायसिन भरलं, त्या बाटलीवरही हेच नाव होतं.

त्यांना ओरडावंसं वाटलं नाही. त्यांनी बोटानं कागदावरचं तेल पुसलं आणि नाव तिसऱ्यांदा वाचलं.

"आजची जेंटा बंद," पौर्णिमा नर्सला म्हणाल्या. "अँपिसिलिनही थांबवा. किडनीवर कमी भार पडणारं दुसरं देऊ, तेही आजच्या सकाळच्या वजनावर. लघवी आणि रक्त पुन्हा पाहायचं." मग गुरुजींकडे वळल्या. "मला आता तीन गोष्टी पाहिजेत. किती दिलं, दिवसातून किती वेळा, आणि शेवटचं कधी. तुमचा विद्यार्थी मला सांगणार नाही. तुम्हाला सांगेल का?"

फोन करायची गरज पडली नाही. दुपारी कुलदीप स्वतःच आला. पांढरा शर्ट, हातात मोसंबीची पिशवी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर गुरुजी बसले होते. तो वाकला आणि सवयीनं त्यांच्या पायांवर हात ठेवला.

"कशी आहे गुरुजी, रागिणी?"

"लघवी होऊन नाई राहिली."

कुलदीप बाजूला बसला. इकडं तिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमी माझं नाव तं नाई ना लिहून दिलं कुठं?"

आजवर या पोरानं विचारलेले हजार प्रश्न गुरुजींना आठवत होते. पाण्यात बुडलेली काडी वाकडी काहून दिसते. चंद्र आपल्या संगं काहून येते. एकाही प्रश्नावर त्यांचं मन असं थंड झालं नव्हतं.

"किती दिली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ते मेलं जेंटा. किती दिलं माह्या नातीले? बाटली तुह्या आजीच्या पदरात होती कुलदीप. तिले तू आजीच म्हणत होता ना?"

कुलदीपचा चेहरा आधी मोकळा राहिला, मग उतरला. "अर्धी-अर्धी. दोन टाईम."

"म्हंजे?"

"चाळीस आणि चाळीस."

"दिवसाचे ऐंशी. कोणत्या हिशोबानं?"

"वयाचा अंदाज गुरुजी... या वयाचं लेकरू दहा-अकरा किलो राहतेच. अंग भरलेलं दिसलं मले."

"भरलेलं?" गुरुजींचा आवाज फाटला. "तुले सूज वळखता नाई आली?"

कुलदीपनं नजर चुकवून मोसंबीची पिशवी बाकावर ठेवली. आणि त्या चुकवलेल्या नजरेतून गुरुजींना ते कळलं, जे बाटलीवरून कळलं नव्हतं. त्याला ती सूज ओळखता आली होती.

"शंका आली होती," तो शेवटी म्हणाला. "पण तुमी खूश होते. आजी म्हणे अंग धरलं. मी म्हटलं, जंतू मारले का आपोआप... आणि अमरावतीले पाठवलं असतं तं तुमीच म्हटलं असतं, एवढा डॉक्टर झाला आन् सर्दी-खोकल्याले पाठवून राहिला. तुमच्यासाठी केलं गुरुजी. दुसऱ्या कोणाची असती तं मी हातच नसता लावला."

"आन् फोनवर?"

"त्या बाईसमोर कसं सांगू? माझा दवाखाना..."

"ती बाई उगाच विचारत होती का रे? तुह्या सुया अंगात साठून होत्या, आन् तू व्हिटॅमिन म्हटलं. तिनं वर आणखी दिलं. म्या म्हटलं, तो खोटं बोलाचा नाई. म्या म्हटलं!"

वॉर्डातून नर्सनं डोकं बाहेर काढलं. गुरुजी उठले. त्यांनी कुलदीपच्या दंडाला धरलं, वर्गात चुकलेल्या पोराला फळ्यापाशी नेत तसं, आणि दारापर्यंत नेलं.

"बाईले सांग. किती, कितीदा, शेवटची कधी. येथं अंदाज नको."

कुलदीपनं सांगितलं. शेवटची सुई म्हणजे जीप निघण्याच्या दिवशीची सकाळची. पौर्णिमांनी ऐकून घेतलं. एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत. फक्त एवढं म्हणाल्या, "अकरा किलोला बसणारं औषध सहा किलोला, चार दिवस. आणि दोनदा दिल्यामुळं मधे किडनीला मोकळीकच नाही. काल हे खरं कळलं असतं तर मी माझी सुई दिलीच नसती, डॉक्टर." 'डॉक्टर' हा शब्द त्यांनी साधाच उच्चारला होता. पण कुलदीप भिंतीकडे बघू लागला.

गुरुजींनी मोसंबीची पिशवी त्याच्या हातात परत दिली. त्याच संध्याकाळी पौर्णिमांनी आरोग्य खात्याला रीतसर कळवलं, कुणी, कुठं, काय दिलं. खाली गुरुजींनी सही केली. 

दोन रात्री कठीण गेल्या. मग एका सकाळी पिशवीत थोडी लघवी दिसली, दुसऱ्या दिवशी जास्त. सूज ओसरू लागली तशी रागिणी काट्यावर हलकी होत गेली. गोदाबाई घाबरली, "बाई, हे तं घटून राहिली!"

"पाणी उतरतंय आजी. घटणं चांगलं आहे सध्या. म्हणूनच रोज तोलतो. वजन उतरलं तर औषधही त्या वजनाचंच."

गोदाबाईनं मान हलवली. कपडे उतरवून तोलायला ती आता स्वतःच पोरीला काट्यावर ठेवायची, आणि वजन मनातल्या मनात पुटपुटायची, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून.

पुढं रागिणीला भूक लागू लागली. दाट दूध पचू लागलं. ती हसायला लागली. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी पौर्णिमा म्हणाल्या, "किडनी सावरली. पण आजोबा, या औषधाचा दुसरा फटका कानांना बसतो. तो पटकन दिसत नाही. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. कानांची तपासणी करून घ्या, आणि पुन्हा पुन्हा करा. कदाचित काहीच नसेल."

तपासणी झाली. बारीक आवाजांना दोन्ही कान प्रतिसाद देत नव्हते. जन्मापासून असेल का, असं गुरुजींनी विचारलं, तर पौर्णिमा म्हणाल्या, खात्रीनं सांगता येत नाही.  पण आजारापूर्वी रागिणी चालायला शिकत असताना पैंजण वाजलं की ती थांबायची, पायाकडे बघायची, पुन्हा पाय आपटायची. हे सगळ्या घरानं पाहिलेलं होतं.

गावात वेगळंच चाललं होतं. कुलदीपच्या दवाखान्याची चौकशी लागली होती. बाजारात लोक म्हणत, "गुरुजीनं आपल्याच पोराचं नाव सांगतलं. काय हाती लागलं?" आडतीवरचा हमाल अजून हात जोडायचा, पण बोलायचा नाही.

एका दुपारी कुलदीप घरी आला. अंगणात गोदाबाई वालाच्या शेंगा सोलत होती. रागिणी पोत्यावर बसून सोललेले दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत होती. गाल खरे भरत होते आता. कुलदीपच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

"बरी झाली ना गुरुजी!" तो म्हणाला, आणि वाकला.

गुरुजींनी पाय बाजेखाली ओढून घेतले. कुलदीपचे हात जमिनीला टेकले आणि तिथंच राहिले.

गुरुजींनी कोनाड्यातून रागिणीचं चांदीचं पैंजण काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "तिच्या मागं जा. वाजव."

कुलदीप मागं जाऊन बसला. घुंगरू छनछनले. रागिणीनं एक दाणा वाटीत टाकला. त्यानं जोरात हलवलं. तिनं दुसरा दाणा टाकला. तो हलवत राहिला, अंगणभर तोच एक आवाज होता, गोठ्यातल्या गाईनं मान वळवली, आणि रागिणी दाणे टाकत राहिली.

"रागे!" गोदाबाईनं चुलीपाशी जाताजाता ठसक्यात हाक मारली. पोरीनं चटकन मान वर केली.

"ऐकू येते गुरुजी," कुलदीप घाईनं म्हणाला. "ऐकू तं येते."

"व्हय," गुरुजी म्हणाले. "आपला आवाज येते तिले. पाखराचा येणार नाई. शाळेत मागच्या बाकावरून अर्धे शब्द तुटतील, आन् मास्तर म्हणन पोरगी ध्यान देत नाई." ते थांबले. "म्या तुले इतकी वर्षं शिकवलं, आन् एकदाही नाई तोललं, कुलदीप. तुह्या अंदाजावर राहिलो."

त्यांनी हात पुढं केला. कुलदीपनं पैंजण त्यात ठेवलं. गुरुजींनी ते पुन्हा कोनाड्यात ठेवलं, पोरीजवळ बसले, आणि तिच्या समोर तोंड आणून, मोठ्यानं, सावकाश म्हणाले, "एक दाणा. दोन दाणे."

फाटक वाजलं तेव्हा त्यांनी वळून पाहिलं नाही.